बाबा, किल्ली घेतलीत का?

म्युनिकमधल्या मराठी घरात आईवडील येणार असे ठरले, की पहिली तयारी होते ती सहलींची. नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा कोणत्या शनिवारी, साल्झबर्ग कोणत्या, स्वित्झर्लंडला सुट्टी जोडून जमेल का, याचा तक्ता व्हिसा हातात पडण्याआधीच तयार असतो. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. आईवडील पूर्ण मुदत राहिले तरी त्यांच्या वाट्याला शनिवार-रविवार येतात तेरा. उरलेले चौसष्ट दिवस कामाचे. त्या दिवशी मुलगा आणि सून आठला घर सोडतात, नात किंडरगार्टनला जाते आणि साडेपाचपर्यंत घरात दोनच माणसे असतात. तक्ता होतो सव्वीस दिवसांचा आणि मुक्काम बरा की वाईट हे ठरते त्या चौसष्ट दिवसांत. मंगळवारी सकाळी अकरा वाजता आईबाबा काय करत असतील, हा प्रश्न राजवाड्यापेक्षा महत्त्वाचा आहे, पण तो फारसा कोणी विचारत नाही.

एक घर डोळ्यांसमोर धरू. मुलगा नॉयपरलाखमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. वडील बहात्तर वर्षांचे, सांगलीत बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. आई सदुसष्ट वर्षांची, गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत. दोघेही सांगलीत कोणावर अवलंबून नाहीत. वडील सकाळी फिरायला जातात, येताना दूध आणतात, बँकेची आणि विजेच्या बिलाची कामे करतात. आईचे भजनी मंडळ आहे. विमानतळावर उतरल्यापासून मात्र या दोघांना दुधाची पिशवी आणायलासुद्धा मुलाची वाट पाहावी लागते. पाहुणचारात त्यांना काही कमी पडत नाही. ते अस्वस्थ होतात ते या परावलंबनाने. म्हणून पहिल्या पंधरवड्यात एकच गोष्ट साधायची: दोघांनी कोणाच्याही मदतीशिवाय घराबाहेर पडावे आणि कोणाच्याही मदतीशिवाय परत यावे.

याची सुरुवात दारापासून होते. जर्मनीतल्या बहुतेक फ्लॅटच्या दाराला बाहेरून फिरवायची मूठ नसते. नुसता गोळा असतो, तो फिरत नाही. दार मागे ओढले गेले की कुलूप न लावताही बंद होते आणि किल्लीशिवाय उघडत नाही. कचरा टाकायला घरातल्या कपड्यांवर खाली गेलेली आई, वाऱ्याने आपटलेले दार आणि आत गॅलरीत पेपर वाचत बसलेले, बेल ऐकू न येणारे बाबा, असा प्रसंग इथल्या बऱ्याच घरांत घडला आहे. दोघेही बाहेर असताना झाला तर कुलूपवाल्याला बोलवावे लागते आणि रात्रीच्या किंवा रविवारच्या अशा फेरीचे बिल काहीशे युरोंवर जाऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे असा एक प्रसंग झाला, की आईवडील नंतर घराबाहेर पडायलाच धजत नाहीत. म्हणून किल्ल्या दोन कराव्यात, बाबांची वेगळी आणि आईची वेगळी. आईची किल्ली गळ्यात अडकवता येईल अशा गोफात असावी. तिसरी शेजाऱ्यांकडे ठेवावी आणि त्या शेजाऱ्यांची ओळख पहिल्या दोन दिवसांतच करून द्यावी. इमारतीचे खालचे दार, पत्रपेटी आणि फ्लॅट यांच्या किल्ल्यांवर तीन रंगांच्या पट्ट्या चिकटवल्या की निम्मी धांदल थांबते. दार ओढण्याआधी किल्ली हातात घेऊन ती मोठ्याने सांगायची, ही सवय पहिले काही दिवस घोटून घ्यावी. नातीला हा खेळ फार आवडतो आणि ती आजोबांना सूट देत नाही.

मग फेरी. नॉयपरलाख ही १९६७ पासून वसवलेली मोठी वसाहत आहे. इमारती उंच आणि दिसायला रुक्ष, पण तिच्या आखणीत पादचाऱ्यांच्या वाटा बऱ्याच ठिकाणी गाड्यांच्या रस्त्यांपासून वेगळ्या ठेवल्या आहेत आणि काही रस्ते पुलावरून ओलांडता येतात. जवळच ओस्टपार्क आहे, त्यात तळे आहे, टेकाड आहे, भरपूर बाके आहेत. म्हातारपणी फिरण्यासाठी जुन्या शहरातल्या दगडी गल्ल्यांपेक्षा ही जागा पुष्कळ बरी. फेरी ठरवताना मुलाने आधी एकट्याने चालून चार गोष्टी पाहाव्यात: रस्ता किती वेळा ओलांडावा लागतो, बाके कुठे आहेत, स्वच्छतागृह कुठे आहे आणि पाऊस आला तर आडोसा कुठे मिळेल. सुरुवातीला एक-दीड किलोमीटर पुरे.

यातला स्वच्छतागृहाचा मुद्दा कोणी बोलून दाखवत नाही, पण बाबा बाहेर का पडत नाहीत याचे उत्तर पुष्कळदा तिथेच असते. मधुमेह आहे, प्रोस्टेट वाढलेले आहे, तासाभरात जावे लागते आणि इथे सार्वजनिक सोयी थोड्या, काही ठिकाणी नाणे टाकून दार उघडणाऱ्या. मग बाबा काय करतात? बाहेर जायच्या आधी पाणी पिणेच सोडतात. त्यातून बद्धकोष्ठ होते, चक्कर येते आणि मग ‘इथली हवा मानवत नाही’ असे निदान होते. फेरीच्या मध्यावर खरेदी केंद्र किंवा ग्रंथालय येईल असा रस्ता निवडावा, तिथला दरवाजा एकदा प्रत्यक्ष दाखवावा आणि बाबांच्या खिशात पन्नास सेंटची आणि एक युरोची नाणी ठेवून द्यावीत. आपणहून सांगायला त्यांना अवघड जाते. मुलाने साधेपणाने विषय काढला तर मोकळे होतात.

रस्ता ओलांडण्यात खरा धोका आहे आणि तो नजरेच्या जुन्या सवयीचा आहे. आयुष्यभर डावीकडून वाहतूक पाहिलेला माणूस रस्त्याच्या कडेला आला की मान आधी उजवीकडे वळवतो. जर्मनीत जवळच्या बाजूची गाडी डावीकडून येते. म्हणजे बाबा उजवीकडे पाहत पाऊल टाकतात आणि गाडी दुसऱ्या बाजूने आलेली असते. ‘सांभाळून जा’ हे सांगून उपयोग नाही. कडेला थांबायचे, आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे, हे पहिले आठ दिवस बरोबर चालून करून घ्यावे लागते. फुटपाथचेही तसेच. पुष्कळ ठिकाणी फुटपाथचाच एक पट्टा सायकलींचा असतो, कधी लालसर फरशीचा, कधी नुसती पांढरी रेघ. त्यावरून सायकली जोरात आणि आवाज न करता येतात. दोघांनी गप्पा मारत शेजारी शेजारी चालायची आपली पद्धत इथे एकाला बरोबर त्या पट्ट्यात नेऊन सोडते. मागून घंटी वाजली की दचकून बाजूला उडी मारू नये, आहे त्याच रेषेत राहावे. सायकलवाला वळसा घालून जातो, उडी मारली तर त्याचा अंदाज चुकतो.

सिग्नलवर आणखी एक घोटाळा होतो. पादचाऱ्यांचा दिवा हिरवा होतो, आई गुडघे सांभाळत निघते आणि अर्ध्या रस्त्यात तो लाल होतो. घाबरून ती मागे फिरते किंवा मध्येच थांबते. इथे सिग्नलची वेळ अशी बसवलेली असते, की हिरव्यावर निघालेल्या माणसाला लाल झाल्यानंतरही पलीकडे पोहोचायला अवधी मिळावा, मगच आडव्या वाहतुकीला रस्ता खुला होतो. हिरव्यावर पाऊल टाकले असेल तर न थांबता, न धावता पुढेच जायचे. लक्ष ठेवायचे ते वळणाऱ्या गाड्यांवर, कारण त्यांनाही त्याच वेळी हिरवा असतो. पादचाऱ्याला आधी जाऊ देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, तरी चालकाची नजर आपल्याकडे आहे ना हे पाहून घ्यावे.

फेरी शिकवायची कशी? पहिले दोन-तीन दिवस मुलाने बरोबर जावे आणि खुणा दाखवाव्यात. रस्त्यांची लांबलचक नावे पाठ करायच्या भानगडीत पडू नये. पोस्टाची पिवळी पेटी, औषधाच्या दुकानावरचा लाल ‘ए’, भुयारी रेल्वेची निळी ‘यू’ पाटी आणि कोपऱ्यावरची बेकरी एवढ्या खुणा पुरतात. त्यानंतर भूमिका बदलायची. बाबांनी पुढे चालायचे आणि मुलाने दहा पावले मागून, तोंड बंद ठेवून. चुकले तरी लगेच हाक मारायची नाही, त्यांच्या ते लक्षात येते का, हे पाहायचे. (मुलांना सगळ्यांत जड जाते ते हे गप्प राहणे.) मग एक दिवस दोघांनी एकटे जायचे आणि मुलाने घरी थांबायचे. जाताना खिशात मुलाचा फोन नंबर आणि घराचा पत्ता जर्मन पद्धतीने छापलेले कार्ड, आणि फोनमध्ये चालू असलेले जर्मन सिम. सिम मुलाने आपल्या नावावर आधीच घेऊन ठेवावे. प्रीपेड सिमलाही इथे ओळख पटवावी लागते, त्यात एखादा दिवस जातो. आणि सिम नसलेल्या मोबाइलवरून जर्मनीत ११२ हा आणीबाणीचा नंबर लागत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

भाषेच्या बाबतीत मुले दोन टोकांना जातात. एक तर ‘सगळ्यांना इंग्रजी येते’ म्हणून काहीच शिकवत नाहीत, किंवा आईवडिलांना जर्मनचे ॲप लावून देतात, जे चौथ्या दिवशी बंद पडते. खरी गरज मोजक्या शब्दांची आहे आणि ते शब्द पाठांतराने नाही, जागेवर वापरून येतात. बव्हेरियात वाटेत भेटणाऱ्या वृद्ध माणसाला ‘ग्र्यूस गॉट’ म्हटले की तोही म्हणतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपणहून म्हणायला लागतो. वाट अडली तर ‘एन्टशुल्डिगुंग’, काही घेतल्यावर ‘डांके’, समोरचा भराभर बोलायला लागला तर ‘इश श्प्रेखे काइन डॉइच’, म्हणजे मला जर्मन येत नाही. बाबांनी बेकरीत जाऊन बोटाने दाखवावे, ‘त्स्वाय, बिटे’ म्हणून दोन मागावेत. विक्रेती हमखास आणखी काही हवे का असे विचारते. तिला ‘नाइन, डांके’ म्हटले की व्यवहार पुरा. पाच युरोची नोट आणि सुटी नाणी एवढीच शिदोरी. पहिल्यांदा हा व्यवहार करून आलेले बाबा घरी सूनबाईंना तो तीन वेळा सांगतात, तिने तो तीनही वेळा ऐकावा.

भाषेशिवाय होणारे एक काम तर इथल्या सासऱ्यांसाठी जणू बेतून केले आहे. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर आणि डब्यांवर इथे २५ सेंट अनामत घेतात. रिकाम्या बाटल्या सुपरमार्केटमधल्या यंत्रात एकेक करून घातल्या की चिठ्ठी छापून मिळते आणि ती काउंटरवर दिली की पैसे वळते होतात. बाटली चेपायची नाही आणि तिच्यावरची खूण फाटू द्यायची नाही, एवढेच पथ्य. आयुष्यभर बँकेत हिशेब केलेल्या माणसाला हे काम सोपवावे, ते रविवार सोडून दर दोन दिवसांनी जातील. रविवारी दुकाने बंद असतात आणि बाकीच्या दिवशीही म्युनिकमधली सुपरमार्केटे रात्री आठला मिटतात, हे मात्र आधी सांगून ठेवावे. नाही तर रविवारच्या सुनसान रस्त्यावर ‘आज काही बंद-बिंद आहे का’ असे वाटून दोघे अर्ध्यातून परत येतात.

रेल्वेबद्दल थोडक्यात. इथल्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत आडवी फाटके नाहीत, त्यामुळे तिकीट लागत नाही असा समज होतो. कागदी तिकीट फलाटावर जाण्याआधी यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. शिक्का नसेल तर तिकीट असूनही ६० युरो दंड पडू शकतो आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

आता औषधे. इथे थोडे सावकाश जावे लागेल, कारण ‘संपली तर तिथे घेऊ’ किंवा ‘कुरियरने पाठवू’ ही दोन वाक्ये सगळ्या अडचणींचे मूळ आहेत. जर्मनीत भारतीय डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध मिळत नाही, ती चिठ्ठी युरोपातल्या डॉक्टरांची लागते. आणि युरोपीय संघाबाहेरून खासगी माणसाला टपालाने किंवा कुरियरने औषधे मागवता येत नाहीत. सांगलीच्या ओळखीच्या केमिस्टने पाठवलेला खोका सीमाशुल्क खात्यात अडकतो. स्वतःबरोबर आणलेल्या औषधांना मात्र मुभा आहे, ती स्वतःच्या गरजेपुरती, म्हणजे साधारणपणे प्रत्येक औषधाच्या तीन महिन्यांच्या डोसाइतकी. व्हिसाही नव्वद दिवसांचाच असल्याने हिशेब जुळतो. बाबा ८३ दिवस राहणार, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी दिवसातून दोनदा घेतात, म्हणजे १६६ गोळ्या. परतीचे विमान चुकले किंवा गोळी हातातून पडली तर आठवड्याच्या १४ जादा. एकूण १८०, म्हणजे दहाच्या अठरा पट्ट्या. टेल्मिसार्टन आणि रात्रीची अटोर्व्हास्टॅटिन दिवसाला एकेक, म्हणजे प्रत्येकी नऊ पट्ट्या. हा सगळा साठा एका मोठ्या बॅगेत घालून ती विमानाच्या पोटात टाकू नये. निम्मा बाबांच्या हातातल्या पिशवीत आणि निम्मा आईच्या. गोळ्या पट्टीतच ठेवाव्यात, सुट्या करून डबीत भरल्या तर काय आहे ते तपासणाऱ्याला कळत नाही. इन्सुलिन असेल तर ते हातातल्या पिशवीतच हवे. मोठ्या बॅगेत ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही.

बरोबर डॉक्टरांचे इंग्रजीतले छापील पत्र हवे आणि त्यात औषधाचे मूळ नाव आणि मात्रा, नुसते कंपनीचे नाव नाही. आपल्याकडची दोन-तीन औषधे एकत्र केलेली गोळी इथे मिळेलच असे नाही, पण मूळ नावे लिहिलेली असतील तर इथला डॉक्टर ती वेगवेगळी लिहून देऊ शकतो. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांकडे वेगळे लक्ष द्यावे. आपल्याकडे पुष्कळ ज्येष्ठ अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम वर्षानुवर्षे घेत असतात आणि ते ‘औषध’ म्हणून सांगतही नाहीत. ही नियंत्रित औषधे आहेत, त्यांना तीन महिन्यांची मुभा लागू आहे असे गृहीत धरू नये. निघण्याआधी डॉक्टरांचे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे आणि किती नेता येतील हे वकिलातीत विचारावे. अचानक बंद करणे हा मार्ग नाही, त्याचा त्रास होतो.

वेळेचा गोंधळ वाटतो तेवढा मोठा नाही. उन्हाळ्यात म्युनिक भारताच्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. दिवसातून एकदा घ्यायची रक्तदाबाची गोळी पहिल्याच सकाळी इथल्या आठ वाजता घेतली तर फारसे बिघडत नाही. जपायचे ते मधुमेहाच्या गोळीला, कारण ग्लिमेपिराइड घेऊन जेवण लांबले तर साखर धोकादायक खाली जाते. ती घड्याळाला नाही, जेवणाला बांधायची. विमानात जेवण समोर आल्यावरच गोळी काढायची. इन्सुलिन घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवसाचे डोस डॉक्टरांकडून लिहून आणावेत.

पण खरी गंमत पुढेच आहे. सांगलीत बाबा अर्धा तास चालत होते. इथे हवा थंड, फुटपाथ सलग, मुलगा उत्साही. रोजचे चालणे तिप्पट होते. जेवणाची वेळ मुलांच्या कामाप्रमाणे पुढे सरकते, पोळीच्या जागी एखाद दिवशी सूप आणि पाव येतो. गोळीचा डोस मात्र तोच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाबांना दुपारी बाराच्या सुमाराला घाम फुटतो, हात थरथरतात, ते उगाच चिडतात किंवा साधा प्रश्न त्यांना कळत नाही. घरच्यांना वाटते थकले असतील, झोपू द्या. झोपू देणे हेच सगळ्यांत धोक्याचे. अशा वेळी ताबडतोब ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल, तर पंधरा ग्रॅम साखर द्यावी, म्हणजे तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून किंवा दीडशे मिलिलिटर फळांचा रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच द्यावी आणि मग नीट जेवू घालावे. घरात बिनसाखरेचा कोला असतो, तो या कामाला कुचकामी आहे. ग्लिमेपिराइडचा परिणाम बराच वेळ टिकतो, म्हणून एकदा वर आलेली साखर काही तासांनी परत खाली जाऊ शकते. त्या दिवशी बाबांना एकटे सोडू नये. बेशुद्ध होत असतील तर तोंडात काही घालू नये, ११२ लावावा. ‘चालणे वाढणार आहे, डोस कमी करायचा का’ हा प्रश्न सांगलीच्या डॉक्टरांना निघण्याआधीच विचारला आणि पहिले तीन आठवडे साखर वरचेवर मोजली, तर ही वेळ सहसा येत नाही. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आपल्याच यंत्राच्या पुरेशा आणाव्यात, इथल्या दुसऱ्या यंत्राच्या चालत नाहीत.

छोट्या दुखण्यांसाठी औषधाचे दुकान कोणते, हे दोघांना दाखवून ठेवावे. पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटमध्ये मिळत नाही, लाल ‘ए’च्या दुकानातच मिळते. साबण-शाम्पूच्या मोठ्या दुकानात जीवनसत्त्वे असतात, अशी औषधे नसतात. रात्री आणि रविवारी पाळीने एखादे दुकान उघडे असते आणि बंद दुकानाच्या दारावर त्याचा पत्ता लावलेला असतो. ताप उतरत नाही पण जिवावरचे काही नाही, अशा वेळी संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी ११६११७ वर फोन करावा. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे यांना थेट ११२. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा घेतलेला असतोच, पण तो बहुतेक अचानक उद्भवलेल्या आजाराचा असतो. जुना मधुमेह, जुने हृदयाचे दुखणे त्यात बसते का, हे पॉलिसी विकत घेण्याआधी वाचावे, दवाखान्यात गेल्यावर नाही. डॉक्टरकडे गेल्यास बिल नंतर टपालाने घरी येते. ते आणि निदानाचा कागद जपून ठेवावा.

एवढे सगळे जमले तरी दुपारी दीड ते चार ही वेळ उरते. जेवण झालेले, भांडी यंत्रात, बाहेर शांतता. आपल्याकडच्या घरात दुपारीसुद्धा कोणी ना कोणी बेल वाजवतेच. इथे वाजत नाही. या वेळेवर एक सोपा उपाय आहे, तो घड्याळात दडला आहे. म्युनिकमध्ये उन्हाळ्यात दुपारचे दोन वाजतात तेव्हा सांगलीत संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात, म्हणजे बाबांचा कट्टा भरायची वेळ आणि आईच्या मैत्रिणी मोकळ्या व्हायची. मुले मात्र संध्याकाळी स्वतः घरी आल्यावर ‘चला, आता काकांना फोन लावू’ म्हणतात, तेव्हा तिथे रात्रीचे साडेदहा-अकरा वाजलेले असतात, फोन उचलणारा जांभया देत असतो. व्हिडिओ फोन स्वतः लावता येईल अशी व्यवस्था करून ती दुपारची वेळ आईबाबांच्या स्वाधीन करावी.

दोघांचा एकटेपणा सारखा नसतो. आईला स्वयंपाकघरात निदान काम मिळते, पण ते सुनेचे स्वयंपाकघर असते. डबे कुठे, काचेची शेगडी कशी चालते, फोडणीने धुराचा भोंगा वाजला तर काय करायचे, हे तिला कोणी नीट दाखवले नाही तर ती तिथे पाहुणी होऊन बसते. आठवड्यातले दोन दिवस जेवण पूर्ण तिच्यावर सोपवावे, मध्ये न बोलता. बाबांच्या हाती तेवढेही नसते. त्यांना काम हवे, तेही खरे, करमणुकीसाठी बनवलेले नको. नातीला किंडरगार्टनमधून आणणे हे असे काम आहे. त्यासाठी पालकांनी संस्थेकडे आजी-आजोबांची नावे लेखी द्यावी लागतात. कागद न देता गेलेल्या आजोबांच्या ताब्यात मूल देत नाहीत आणि तो अपमान बाबांच्या मनात राहतो.

माणसेही लागतात. म्युनिकमध्ये मराठी मंडळ आहे, पण त्याचे मोठे कार्यक्रम सणांच्या आसपास असतात आणि मे ते जुलै येणाऱ्यांचा गणपती हुकतो. त्यापेक्षा मुलाने ओळखीच्या गटांत सरळ विचारावे: सध्या कोणाचे आईवडील आले आहेत? जवळ राहणारे एक जोडपे सापडले तरी पुरते. मात्र पहिली भेट मुलांनी जेवणाच्या पंगतीत घडवू नये. तिथे मुलेच कंपनीच्या आणि घरभाड्याच्या गप्पा मारतात आणि चारही ज्येष्ठ सोफ्यावर एका ओळीत बसून राहतात. त्यांची गाठ सकाळी ओस्टपार्कच्या तळ्याजवळ घालून द्यावी आणि मुलांनी निघून जावे. शहरात ज्येष्ठांसाठी महापालिकेच्या मदतीने चालणारी तीसहून अधिक केंद्रे आहेत. तिथे जेवण, बैठा व्यायाम, पत्ते असे चालते. भाषा आड येते, पण बसून करायच्या व्यायामाला भाषा फार लागत नाही. थोड्या दिवसांच्या पाहुण्यांना घेतात का, हे फोन करून विचारावे.

उदास झालेले आईवडील ‘मी उदास आहे’ असे सांगत नाहीत. ते परतीची तारीख वारंवार विचारतात. गुडघा अचानक जास्त दुखायला लागतो. पहिल्या चार-पाच दिवसांत पहाटे तीनला जाग येणे हा वेळेच्या फरकाचा भाग आहे, तिसऱ्या आठवड्यातही येत असेल आणि दिवसा झोप लागत असेल, तर तो नाही. जून-जुलैत इथे सव्वानऊला सूर्य मावळतो आणि दहापर्यंत उजेड असतो, त्यानेही झोप बिघडते. जाड पडदे लावून पाहावेत, आधी गोळी नको. एका गोष्टीकडे मात्र डोळेझाक करू नये. नव्या घरात बाबांना रात्री न्हाणीघराची वाट सापडत नसेल तर रात्रभर छोटा दिवा लावून ठेवावा. पण पंधरा दिवस चाललेल्या फेरीवर ते पुन्हा पुन्हा चुकत असतील, किल्ली कशाची हे विसरत असतील, तर तो परक्या शहराचा दोष नसेलही. सांगलीतल्या ओळखीच्या घरात आणि ठरलेल्या दिनक्रमात झाकले गेलेले विस्मरण जागा बदलली की उघडे पडते. त्यावर घरात हसू नये, वाद घालू नये. काय आणि केव्हा झाले ते लिहून ठेवावे आणि परत गेल्यावर डॉक्टरांना दाखवावे.

आणि हे सगळे तिकीट काढण्याच्या वेळेवरही अवलंबून आहे. डिसेंबरमध्ये म्युनिकला साडेचारच्या आत सूर्य मावळतो, फुटपाथवर बर्फ घट्ट होतो आणि गुडघेदुखी असलेल्या आईला ओस्टपार्कची फेरी जमत नाही. नाताळचा बाजार आईबाबांना दाखवायचाच असेल तर तेवढ्यापुरते दोन-तीन आठवडे बोलवावे. पूर्ण नव्वद दिवस राहणार असतील तर मेच्या सुरुवातीला आणावे. आणि मुलाने आपली रजा सहलींसाठी राखून न ठेवता पहिल्या दोन आठवड्यांतच काही दिवस घ्यावी, किल्ली, फेरी आणि बेकरी हे सगळे तेव्हाच शिकवायचे असते.